बास म्हटल्यावर कोण थांबतं

हिंदुराव पोवारला शालिनीकाकींच्या खानावळीत वाढपी होऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला "काय पाहिजे?" असं क्वचितच विचारलं असेल. विचारायची वेळ येणं हाच तो वाढप्याचा कमीपणा समजायचा. माणसाची मान कुठे वळते, भाकरीचा तुकडा मोडताना हात कुठे थबकतो, वाटीच्या तळाशी रस्सा किती राहिलाय, यावरून त्याला सगळं कळायचं. तांबडा हवाय की पांढरा, कांदा संपलाय की तिखटाने कान लाल झालेत, हे तो दहा पावलांवरून ओळखायचा आणि न बोलता नेमकी ती बादली घेऊन हजर व्हायचा.

त्यामुळेच दारालगतची दोन टेबलं त्याची होती. कोल्हापुरात देवीच्या दर्शनाला, पन्हाळ्याला आलेले परमुलखातले लोक तिथे बसायचे. त्यांना मराठी येत नसे, वाढप्यांचं हिंदी म्हणजे निम्मे हातवारे, आणि काकी गल्ल्यावरून बघत असायच्या. असलं गिऱ्हाईक आत शिरलं की त्या नुसती मान हलवायच्या आणि ते हिंदुरावकडे जायचं. पगार सगळ्या वाढप्यांचा उन्नीस-बीस सारखाच. पण दारालगतची टेबलं म्हणजे मान होता, आणि बायकोच्या माहेरीसुद्धा हिंदुरावची ओळख 'पुढच्या टेबलावरचा' अशीच होती.

मधली रांग सर्जेराव खाडेकडे. वाढायला तो हिंदुरावच्या पासंगालाही पुरला नसता, पण तोंड असं की बोलायला लागला की समोरचा जेवायचा विसरेल. "काय पावणं, आज लई दिसांनी? सासुरवाडीला गेल्ता जणू!" असं म्हणत तो ताट ठेवायचा, आणि तेवढ्यावर लोक खूश. हिंदुरावला त्याचं हे बोलणं खुपायचं. वाढपी आहेस तर वाढ, तमाशातला सोंगाड्या कशाला होतोस, असं त्याचं मत होतं. पण ते मत त्याने पोटातच ठेवलं होतं, कारण तोवर पुढची टेबलं त्याची होती.

मग कुंभोजकर मॅडम आल्या.

त्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि एक लहानसं पुस्तक करत होत्या. बाहेरगावच्या पाहुण्यांनी मराठी गावात जेवायला गेल्यावर आत शिरताना काय म्हणायचं, ताट कसं मागायचं, तिखट कमी कसं सांगायचं, शेवटी पैसे कसे विचारायचे, अशी वाक्यं. प्रत्येक वाक्य तीन ओळींत: वर मराठी, मधे तेच इंग्रजी अक्षरांत, खाली हिंदी-इंग्रजी अर्थ. खिशात मावेल एवढं. लोक हिंदीवर भागवतातच, पण दोन शब्द इथले बोलले की वाढणाऱ्याचा चेहरा बदलतो, असं मॅडमचं म्हणणं होतं. वाक्यं पुस्तकी नकोत, खानावळीत खरोखर चालतात ती हवीत, म्हणून त्या रोज दुपारी इथे येऊन जेवणार होत्या.

नशिबाचा खेळ बघा. मॅडम पहिल्यांदा आल्या तो हिंदुरावच्या सुट्टीचा दिवस होता. त्या सर्जेरावच्या रांगेत बसल्या आणि सर्जेरावने तोंडाचा नळ सोडला. दुसऱ्या दिवशी हिंदुराव कामावर आला, तेव्हा मॅडमची वही सर्जेरावच्या टेबलावर उघडी होती आणि सर्जेराव कमरेवर हात ठेवून मास्तरासारखा सांगत होता.

"ल्ह्या. 'चौघं हाय, जागा हाय का?' हे दारातच म्हणायचं. आत येऊन हुबं ऱ्हायलं की आमाला वाटतंय चौकशीला आल्यात."

"आणि तिखट कमी पाहिजे असेल तर?"

"तिखट कमी मागू नका मॅडम, आचारी रागावतोय." सर्जेराव हसला. "'पांढरा जादा द्या' म्हणायचं. त्येचा अर्थ आपोआप समजतोय."

मॅडम खळखळून हसल्या आणि लिहून घेतलं. हिंदुरावने हे सगळं हातातली बादली न हलवता ऐकलं. वाक्य बरोबर होतं, हेच त्याला जास्त लागलं.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. मॅडम रोज यायच्या आणि सरळ मधल्या रांगेत जाऊन बसायच्या. जाता-येता हिंदुरावकडे बघून मान डोलवायच्या, तेवढंच. तो मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळून जायचा, रिकामी बादली घेऊनही जायचा. एकदा त्यांच्या वाटीतला पांढरा संपलेला त्याने आधी हेरला आणि सर्जेराव गप्पांत रंगलेला असताना वाढून मोकळा झाला. मॅडम लिहिण्यात गुंग होत्या. वाटी भरली कुणी, हे त्यांना कळलंही नाही.

"आरं, माझ्या रांगेत?" सर्जेराव मागच्या बाजूला गाठून म्हणाला. दुसऱ्याच्या रांगेत न विचारता वाढायचं नाही, हा खानावळीचा जुना नेम होता.

"तुझं तोंड चालू हुतं, हात न्हाई," हिंदुराव म्हणाला.

"जळतोयस व्हय रं हिंदुदा?"

"मी कशाला जळू? तुझ्यासारक्या पोपटावर?"

पण तो जळत होता, आणि सर्जेरावला ते दिसत होतं, आणि सर्जेरावला ते दिसतंय हे हिंदुरावला दिसत होतं. घरी बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

खरा घाव काकींनी घातला, तोही गोडीने. एक दिवस दुपारची पंगत उठल्यावर त्या म्हणाल्या, "हिंदुराव, ते पुस्तक छापून झालं ना, की मॅडम आपल्याला वीस प्रती देणार हायत. प्रत्येक टेबलावर एक ठेवायची. मग बाहेरच्या लोकांना कुठंबी बसवलं तर चालंल. सर्जेरावबी पुढं बघंल की. त्येला माणसं बोलवून घेता येत्यात."

"मग मी?"

"तू मागं बस की निवांत. सव्वीस वर्षं झाली, पायबी दुखत आसतील."

त्याचे पाय अजिबात दुखत नव्हते. त्या क्षणी त्याला कळलं, की भांडण सर्जेरावशी नाहीच, त्या वहीशी आहे. आजवर जे त्याच्या डोळ्यांना कळायचं, ते आता कुणीही पान उघडून वाचून दाखवणार होतं. मुक्या पाहुण्याला बोलायला आलं, की हिंदुरावची गरज काय उरली?

बाराव्या दिवशी मॅडम आपण होऊन त्याच्याकडे आल्या. वही भरत आली होती.

"हिंदुराव, एक विचारू? पोट भरलं, आता आणखी नको, हे सांगायला काय म्हणायचं? सर्जेराव म्हणतात 'बास' किंवा 'पुरे'. बरोबर आहे ना?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या खानावळीत त्याच्या एकट्याकडे होतं. मॅडम स्वतः रोज जेवायच्या, रोज 'बास' म्हणायच्या, आणि 'बास' म्हणताना रोज डावा पंजा वाटीवर आडवा धरायच्या. सर्जेराव थांबायचा तो त्या पंजाला. इकडे नुसतं 'बास' म्हणणाऱ्यासाठी कोण थांबतं? नुसतं 'बास' म्हणजे लाजतोय, म्हणजे अजून एक पळी. सगळं गाव असंच जेवतं आणि असंच वाढतं, पण आपण हात धरतो हे कुणाच्या ध्यानातच नसतं. सव्वीस वर्षं लोकांच्या हातांकडे बघणाऱ्याच्या ते ध्यानात होतं.

सांगावंसं त्याला वाटलं. खरंच वाटलं. मग वाटलं, बाराव्या दिवशी? शेवटच्या पानाला?

"बरोबर हाय त्येचं," तो म्हणाला. "बास म्हणायचं."

मॅडमनी 'बास' खाली रेघ ओढली. खोटं तर काही सांगितलं नाही, असं हिंदुराव त्या दिवशी स्वतःला बऱ्याचदा सांगत होता.

छापायला देण्याआधी पुस्तकाची कच्ची प्रत खऱ्या पाहुण्यावर घासून बघायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. त्यांच्या कॉलेजात गुवाहाटीहून एक जोडपं पाहुणं आलं होतं. बरुआ रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे, आणि त्यांची बायको निरुपमा. दोघांना मराठीचा गंध नव्हता. अट अशी, की त्यांनी फक्त पुस्तकातून बोलायचं. हिंदी नाही, इंग्रजी नाही, आणि कुणी मदत करायची नाही. मॅडम शेजारच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसल्या, कुठलं वाक्य चाललं आणि कुठलं अडलं ते टिपायला.

काकींनी त्या दोघांना दारालगतच्या टेबलावर बसवलं आणि मान हलवली. सर्जेरावकडे.

हिंदुराव भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या टेबलावर सर्जेराव पाणी ठेवत होता.

"दोघं आहोत. जागा आहे का?" बरुआंनी बसल्यावर वाचलं. उच्चार गमतीचे, पण समजले. सगळे हसले.

"हाय की! तुमच्यासाठी न्हाई तर कुणासाठी?"

"दोन मटण ताट द्या." "भाकरी द्या." "पांढरा जादा द्या." एकेक वाक्य लागू पडत होतं, आणि प्रत्येक वाक्याला सर्जेराव आसपासच्या टेबलांकडे बघून छाती फुगवत होता. मॅडमची पेन्सिल बरोबरच्या खुणा करत होती. हिंदुरावच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

मग पहिली भाकरी संपली. सर्जेराव तांबड्याची बादली घेऊन आला.

"बास," बरुआ म्हणाले, आणि आदराने दोन्ही हात मांडीवर ठेवून हसले.

"आवो, आत्ता तर बसलाय! घ्या की." ओगराळं वाटीत रिकामं झालं.

बरुआंनी वाटीकडे पाहिलं. वाढलेलं टाकणं त्यांच्या रीतीत बसत नसावं. त्यांनी ती संपवली. इकडे रिकामी वाटी म्हणजे 'वाढा', त्यामुळे सर्जेराव पुन्हा हजर.

"पुरे," बरुआंनी बोट ठेवून वाचलं.

"पुरे कसलं? एवढा देह तुमचा!" पुन्हा ओगराळं, आणि वर ऊन भाकरी.

हिंदुरावला हे बघताना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगलंच बरं वाटलं. हा घ्या तुमचा पोपट, हे घ्या तुमचं पुस्तक, असं त्याच्या मनात चाललं होतं. तिसरी वाटी झाली, चौथी झाली. आसपासची मंडळी कौतुकाने बघत होती, की परमुलखातला माणूस काय जेवतोय! मॅडमसुद्धा हसत होत्या. सर्जेरावच्या मनात पाप नव्हतं. पाहुण्याला उपाशी उठू देणार नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

पाचव्या वाटीला हिंदुरावचं हसू गेलं. बरुआंच्या कपाळावरचा घाम तिखटाचा नव्हता. तिखटाने माणूस तोंडाने वारा घेतो. हे तोंड मिटून बसले होते. डावा हात छातीखाली दाबलेला होता. डोळे वाटीवरून दाराकडे आणि दाराकडून बायकोकडे जात होते. निरुपमाबाई पानं उलटत होत्या. त्यांना एक वाक्य सापडलं, जेवून निघतानाचं.

"किती झाले?" त्या घाईने म्हणाल्या. पुढचंही वाचलं, "बिल आणा!"

"बिलाची कसली घाई, वैनी?" सर्जेराव म्हणाला. इथे टेबलावर बिल येतच नसे. जेवून, हात धुऊन गल्ल्याकडे निघालं, की वाढपी मागून आकडा पुकारायचा. "भात यायचाय अजून. साहेब, एवढा तांबडा तरी घ्या!"

बादली बरुआंच्या खांद्याशी आली. बरुआंनी हिंदुरावकडे पाहिलं. त्याच्याकडेच का पाहिलं, कुणास ठाऊक. सव्वीस वर्षांत अशी नजर त्याने हजारदा वाचली होती, आणि ती न ओळखल्याचं सोंग आणणं त्याला जमलं नाही.

तो पाच ढांगांत टेबलापाशी पोचला आणि त्याने बरुआंच्या वाटीवर आपला पंजा आडवा धरला. सर्जेरावचं ओगराळं तोवर कललं होतं. चुलीवरून उतरलेला, वर तेलाचा कट आलेला रस्सा त्याच्या हातावर सांडला. हिंदुरावने तोंडातून आवाज काढला नाही, पण पंजाही काढला नाही.

"बास म्हणत्यात ते," तो म्हणाला. "कवाधरनं म्हणत्यात."

एकच गडबड उडाली. कुणी गार पाणी आणलं, काकी गल्ला सोडून धावल्या. बरुआंना बाहेर वाऱ्याला बसवून सोलकढीचा पेला दिला. अर्ध्या तासाने त्यांना बरं वाटलं. सर्जेराव पांढराफटक पडून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला काय म्हाईत? मला वाटलं, लाजत्यात!"

मॅडम हिंदुरावसमोर उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचा डावा पंजा पुढे धरला आणि त्याच्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू तो हात आजच उगवला होता.

"मीपण असंच करते," त्या म्हणाल्या. "रोज करते. लिहायचं सुचलंच नाही." मग थांबून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं."

"हुतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"बाराव्या दिवशी इचारलंसा." पाण्यात बुडवलेल्या हाताकडे बघत तो बोलला. "आकरा दिवस त्येच्याकडं बसलासा. मला राग आला. माझी टेबलं ह्या पुस्तकापायी जायाची हुती, आन् त्या पुस्तकात मीच भर घालू? न्हाई सांगितलं."

मॅडमनी पुढे धरलेला पंजा खाली घेतला. काकी मात्र बोलल्या, आणि सगळ्यांसमोर बोलल्या.

"सर्जाला कळलं न्हाई म्हणून त्येनं वाढलं. तुला कळत हुतं, तरी भिताडाला टेकून बघत ऱ्हायलास. पाच वाट्या! त्या माणसाला काय झालं आसतं तर?" त्यांनी दारालगतच्या टेबलाकडे बोट केलं. "उद्यापासनं पुढची टेबलं सर्जेरावकडं. तू मागची रांग बघ."

हिंदुरावने मान हलवली. पुस्तकामुळे टेबलं गेली असती तर त्याने जन्मभर पुस्तकाला शिव्या दिल्या असत्या. ती गेली त्याच्या स्वतःच्या हेव्यामुळे, आणि आता शिव्या द्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला फडकं गुंडाळून तो मागच्या रांगेत वाढत होता. तिथे रोजचे मेंबर, बँकेतले दोघे, एक शिंपी. न बघताही वाढता येईल असे. मॅडम मोबाइल घेऊन आल्या आणि वाटीवर पंजा धरलेला फोटो काढायचाय म्हणाल्या. पुस्तकात 'बास'च्या शेजारी चित्र काढून घेणार होत्या, आणि 'बिल आणा'च्या खाली लिहिणार होत्या, की काही खानावळींत उठून गल्ल्यावर जायचं असतं.

"माझा भाजलाय," हिंदुराव म्हणाला. "सर्जाचा काढा."

"तुमचाच पाहिजे. उजवा चालेल."

"उजव्यानं जेवत्यात मॅडम. डावाच पाहिजे." त्याने फडकं सोडलं आणि पंजा वाटीवर धरला. फोडांसकट.

तिसऱ्या दिवशी दुपारी बरुआ पती-पत्नी दारात उभे राहिले. रात्रीच्या गाडीने ते निघणार होते. सर्जेराव लगबगीने पुढे झाला. त्याने दारालगतचं टेबल पुसलं, खुर्ची ओढली. "या साहेब! आज आमी शाणं झालोय. हात धरा, लगेच थांबतो!" त्याने पंजा आडवा धरून दाखवला. सगळी खानावळ हसली.

बरुआही हसले. त्यांनी सर्जेरावच्या खांद्यावर थोपटलं, कच्ची प्रत खिशातून काढून पुढच्या टेबलावर ठेवली, आणि बायकोला घेऊन सरळ मागे चालत आले. शिंप्याच्या शेजारी दोन जागा होत्या. तिथे बसले.

काकींनी गल्ल्यावरून पाहिलं आणि मान हलवली.

हिंदुरावने काही विचारलं नाही. ताटं आणली. बरुआंना एकच भाकरी, पांढरा भरपूर, तांबडा वाटीच्या तळाशी बोटभर. निरुपमाबाईंनी लिंबाकडे पाहिलं तेव्हा लिंबू त्यांच्या ताटात पडलेलं होतं. भाताच्या वेळी बरुआंची बोटं ताटावर जराशी सैल पडली, आणि हिंदुराव चार पावलं अलीकडेच वळून परत गेला. त्यांना पंजा धरावा लागला नाही. एक शब्दही बोलावा लागला नाही. उठताना मात्र ते मुद्दाम थांबले आणि पाठ केलेलं वाक्य सावकाश म्हणाले, "किती झाले?"

"मागची रांग, दोन मटण ताट!" हिंदुरावने पुकारलं. बऱ्याच दिवसांत त्याचा आवाज एवढा लागला नव्हता.

ते दोघे गल्ल्याकडे गेले, तेव्हा त्याचं लक्ष पुढे गेलं. दारालगतच्या रिकाम्या टेबलापाशी सर्जेराव हातात ते पुस्तक घेऊन उभा होता आणि हिंदुरावकडे बघत होता. तोंड बंद होतं, डोळे बारीक झालेले. ही नजर हिंदुरावला चांगली ओळखीची होती. गेले तीन आठवडे त्याने तीच वापरली होती.

त्याला सर्जेरावची थोडी दया आली. पण आधी आनंद झाला, आणि पुष्कळ झाला. मग तो बादली भरायला आत गेला.